दीड कोटींचा फरक राहतो कुठे?

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि रातोरात पौंड कोसळला. त्यानंतरही तो बरेच महिने सावरला नाही. मार्च २०१६ अखेर एका पौंडाला साधारण ९५ रुपये मोजावे लागत होते, मार्च २०१७ अखेर ते ८१ वर आले. मुलाच्या लंडनमधल्या कॉलेजची फी भरणाऱ्या पालकांना हायसे वाटले असेल. पण ज्या भारतीय कंपन्यांच्या उपकंपन्या ब्रिटनमध्ये होत्या, त्यांच्या हिशेबनिसांपुढे वर्षअखेरीला एक विचित्र आकडा उभा राहिला. तिकडचा कारखाना नफ्यात होता, एकही यंत्र बंद पडले नव्हते, पौंडातला ताळेबंद गेल्या वर्षीपेक्षा भक्कम झाला होता. तोच ताळेबंद रुपयात लिहायला घेतला की कोट्यवधी रुपये कमी भरत होते.

हे रुपये कुठे गेले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कुठे लिहायचे?

एक छोटे, मनाने रचलेले उदाहरण घेऊ. भोसरीतली एक कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते. १ एप्रिल २०१६ रोजी तिने बर्मिंगहॅममध्ये उपकंपनी काढली आणि १० लाख पौंडांचे भांडवल पाठवले. त्या दिवशीच्या ९५ च्या दराने भोसरीच्या खात्यातून साडेनऊ कोटी रुपये गेले. उपकंपनीने तिथल्या बँकेकडून आणखी ५ लाख पौंड कर्ज काढले आणि १५ लाख पौंडांत यंत्रे, कच्चा माल, थोडी रोकड असा संसार मांडला. वर्षभरात १ लाख पौंड नफा झाला. वर्षअखेरीस तिच्याकडे १६ लाख पौंडांची मालमत्ता, ५ लाखांचे कर्ज आणि ११ लाखांची निव्वळ संपत्ती होती. करबिर सोयीसाठी बाजूला ठेवू.

भारतीय कायद्यानुसार भोसरीच्या कंपनीला स्वतःच्या हिशेबाबरोबर उपकंपनीसह एकत्रित ताळेबंदही द्यावा लागतो, आणि तो रुपयात असतो. त्यासाठी बर्मिंगहॅमचे पौंड रुपयात उतरवायचे. इथेच पहिली मेख आहे, कारण सगळ्या आकड्यांना एकच दर लावता येत नाही. मालमत्ता आणि देणी ही वर्षअखेरीला आहेत तशी दाखवायची असतात, म्हणून त्यांना अखेरच्या दिवसाचा दर, ८१ रुपये. नफा मात्र ३१ मार्चला एकदम पडलेला नसतो, तो बारा महिन्यांत थोडा थोडा कमावलेला असतो. त्यातल्या प्रत्येक विक्रीला आणि खर्चाला त्या त्या दिवसाचा दर लावायला हवा. ते कोणी करत बसत नाही, दर फार हेलकावत नसेल तर सरासरी चालते. आपण ती ८७ धरू. भांडवल ज्या दिवशी गेले त्या दिवशीच्या दराने, म्हणजे ९५ ने, गोठवून ठेवतात.

आता आकडे मांडा. मालमत्ता १६ लाख पौंड, ८१ ने १२ कोटी ९६ लाख रुपये. दुसऱ्या बाजूला कर्ज ४ कोटी ५ लाख, भांडवल साडेनऊ कोटी, नफा ८७ लाख, मिळून १४ कोटी ४२ लाख. तेरीज जुळत नाही. १ कोटी ४६ लाखांची तूट येते.

नवखा हिशेबनीस इथे घाबरतो आणि चूक शोधायला लागतो. चूक कुठेच नाही. तीन वेगवेगळ्या दरांनी मोजलेल्या गोष्टी एकाच कागदावर आणल्या की फरक पडणारच. तो कसा पडला हेही बोटावर मोजून दाखवता येते. वर्षाच्या सुरुवातीला असलेले १० लाख पौंड वर्षभर पौंडातच राहिले आणि दर पौंडामागे १४ रुपयांनी त्यांची रुपयातली किंमत उतरली, ते १ कोटी ४० लाख. नफ्याचा १ लाख पौंड ८७ ने मोजला, पण अखेरीस त्याचे ८१ च झाले, म्हणून आणखी ६ लाख. बेरीज बरोबर १ कोटी ४६ लाख.

ही उलटतपासणी करणे हा या सगळ्या कामाचा कणा आहे, आणि नेमकी तीच अनेकदा टाळली जाते. तेरीज जुळत नाही, उरलेला आकडा विनिमय फरकात ढकलला, ताळेबंद जुळला, झाले काम! मग त्या खात्याचा उकिरडा होतो. समजा कोणी नफ्याला सरासरीऐवजी अखेरचा ८१ चा दर लावला. नफा ६ लाखांनी कमी दिसेल, फरक १ कोटी ४० लाख येईल आणि ताळेबंद तरीही काट्यासारखा जुळेल. मध्येच पाठवलेल्या भांडवलाला चुकीच्या दिवसाचा दर लागला, किंवा भोसरी आणि बर्मिंगहॅम यांच्या आपसातल्या उधारीचे आकडे एकमेकांशी जमले नाहीत, तरी ती घाण याच खात्यात मुरते. ऑडिटर म्हणूनच आरंभीच्या निव्वळ संपत्तीपासून फरक स्वतंत्रपणे काढून बघतो. त्याचा आकडा आणि खात्यातला आकडा यांत अंतर पडले, तर त्या खात्यात विनिमयाखेरीज आणखी काहीतरी लपले आहे हे नक्की.

पण हे १ कोटी ४६ लाख लिहायचे कुठे? सहज उत्तर सुचते की तोटा झाला, तोट्यात लिहा. तसे केले तर भोसरीच्या एकत्रित नफा-तोटा पत्रकात ८७ लाखांच्या नफ्याऐवजी ५९ लाखांचा तोटा दिसेल. बर्मिंगहॅमच्या मॅनेजरने उत्तम धंदा केला असतानाही.

अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला आहे. तिथल्या हिशेब मानक मंडळाने ऑक्टोबर १९७५ मध्ये आठव्या क्रमांकाचे मानक आणले. त्यात परदेशी कारखान्याची यंत्रे जुन्या, खरेदीच्या दिवसाच्या दरानेच ठेवायची होती, कर्ज मात्र चालू दराने, आणि पडेल तो फरक थेट नफ्या-तोट्यात. सत्तरच्या दशकात जर्मन मार्क डॉलरपुढे वधारत होता. जर्मनीत कारखाना असलेल्या एखाद्या अमेरिकन कंपनीचे डॉलरच्या भाषेत खरे तर भलेच होत होते, कारण तिचा सगळा धंदा वधारणाऱ्या चलनात होता. पण पुस्तकात यंत्रांची डॉलरमधली किंमत जिथल्या तिथे आणि मार्कमधल्या कर्जाचा आकडा फुगत चाललेला. परिणामी दर तिमाहीला तोटा. धंदा सुधारला की पत्रक बिघडे, आणि मार्क उतरला की उलटे. कंपन्यांचे वित्तप्रमुख वैतागले. काहींनी तर पुस्तकातला हा तोटा दिसू नये म्हणून चलनबाजारात आगाऊ सौदे केले, म्हणजे कागदावरचे दुखणे टाळायला खरे पैसे पणाला लावले.

शेवटी डिसेंबर १९८१ मध्ये मंडळाने मानक बदलले. बावन्नाव्या क्रमांकाच्या या नव्या मानकावर सात सदस्यांचे मत चार विरुद्ध तीन असे फुटले होते. नव्या नियमाने परदेशी कंपनीचा ताळेबंद सरसकट चालू दराने उतरवायचा आणि पडणारा फरक नफा-तोटा पत्रकाला वळसा घालून थेट भागधारकांच्या निधीत, वेगळ्या नावाखाली ठेवायचा ठरले. आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक २१ नेही पुढे हाच रस्ता धरला आणि त्याच्याच धर्तीवर भारतात इंड एएस २१ आले. ५०० कोटी किंवा त्याहून अधिक निव्वळ संपत्ती असलेल्या कंपन्यांना ते २०१६-१७ पासून, म्हणजे योगायोगाने ब्रेक्झिटच्याच वर्षापासून, लागू झाले.

त्यानुसार भोसरीच्या पत्रकात ८७ लाखांचा नफा नफ्यातच राहतो. त्याच्या खाली ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्न’ नावाचा एक भाग असतो, सीए मंडळी त्याला नुसते ओसीआय म्हणतात. १ कोटी ४६ लाखांची वजावट तिथे येते. वर्ष संपले की ती रक्कम ताळेबंदात ‘फॉरेन करन्सी ट्रान्सलेशन रिझर्व्ह’, म्हणजे परकीय चलन रूपांतर राखीव, या खात्यात जाऊन बसते. पुढच्या वर्षी पौंड वधारला तर त्यात भर पडते, उतरला तर आणखी घट. नाव राखीव निधीचे असले तरी तिथे पैसा ठेवलेला नसतो, आणि खात्याची बाकी उणेही असू शकते.

मोठ्या कंपन्यांत हे किती ठळक दिसते याचे उदाहरण मुंबईतच आहे. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला घेतली, तिचा मुख्य पसारा ब्रिटनमध्ये. २०१६-१७ मध्ये टाटा मोटर्सला एकत्रित हिशेबात नफा झाला, तरी वर्षअखेर भागधारकांचा निधी आदल्या वर्षापेक्षा कमी भरला. चलनाच्या आगाऊ करारांवरची घट आणि पेन्शनची वाढलेली देणी हीदेखील त्याची कारणे होती, पण पौंडातली संपत्ती रुपयात उतरवताना झालेली घट हे त्यातले एक ठळक कारण. फक्त नफ्याचा आकडा पाहणाऱ्याला हे कळलेच नसते.

इथवरचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे. बर्मिंगहॅमची कंपनी पौंडात ‘जगते’, हे ते गृहीत. मानक त्याला कार्यात्मक चलन म्हणते. मालाची किंमत कोणत्या चलनाच्या बाजाराने ठरते, पगार आणि कच्चा माल कशात मोजला जातो, यावरून ते ठरते. कंपनीची नोंदणी कुठे आहे याला त्यात फारसे महत्त्व नाही. आता समजा याच भोसरीवाल्यांनी दुबईत एक कार्यालय-वजा कंपनी काढली. ती भोसरीचाच माल विकते, किमती भोसरीत ठरतात आणि वसूल झालेला पैसा लगेच भोसरीला येतो. तिचे आयुष्य दिरहॅममध्ये चाललेले नाही, ती भोसरीचाच लांबवलेला हात आहे. तिचे कार्यात्मक चलन रुपयाच ठरण्याची शक्यता अधिक. मग तिच्याकडच्या दिरहॅममधल्या रोकड, येणी-देण्यांवर पडणारा फरक थेट नफ्या-तोट्यात जातो. दर तोच, रक्कम तीच, पण जागा दुसरी. म्हणूनच हा प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नाही. नफा चांगला दिसावा असे वाटणाऱ्या व्यवस्थापनाला सोयीचे चलन निवडण्याचा मोह होतो. मानकाने ती निवड ठेवलेलीच नाही. परिस्थिती पाहून चलन ओळखायचे असते आणि परिस्थिती खरोखर बदलल्याशिवाय ते बदलायचे नसते.

दुसरा वाद हमखास होतो तो आपसातल्या कर्जावरून. भोसरीने भांडवलाशिवाय बर्मिंगहॅमला २ लाख पौंड उसने दिले असते, तर देताना ते १ कोटी ९० लाख रुपयांचे येणे होते आणि वर्षअखेरीस १ कोटी ६२ लाखांचे उरले. भोसरीच्या स्वतःच्या पुस्तकात २८ लाखांचा तोटा. एकत्रित ताळेबंद करताना घरातल्या घरातले येणे आणि देणे एकमेकांत मिटते, म्हणून हा तोटाही मिटला असेल असे बऱ्याच जणांना वाटते. तो मिटत नाही, कारण भोसरी खरोखर पौंडाच्या चढउताराला सामोरी गेली होती. अपवाद एकच. ते कर्ज परत घ्यायचा बेत नसेल आणि नजीकच्या काळात ते परत येण्याचा संभवही नसेल, तर ते नावाला कर्ज आणि वस्तुतः भांडवल. अशा वेळी एकत्रित हिशेबात ते २८ लाख नफ्या-तोट्यातून काढून रूपांतर राखीवमध्ये नेतात. भोसरीच्या स्वतंत्र हिशेबात मात्र ते तोट्यातच राहतात. पौंड घसरला की या अपवादाची आठवण अनेकांना अचानक होते. करारपत्रावर ‘दीर्घ मुदतीचे’ एवढा शब्द असून भागत नाही. पाच वर्षांत हप्त्याने फेडायचे ठरले असेल, किंवा बँकेच्या उताऱ्यात अधूनमधून परतफेड दिसत असेल, तर ऑडिटर तो दावा मान्य करणार नाही.

राखीवमध्ये गेलेली रक्कम तिथे कायमची राहते का? नाही. उपकंपनी विकली की साचलेला सगळा फरक उचलून नफा-तोटा पत्रकात आणायचा असतो. वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडून राहिलेला आकडा मग एका दिवसात मथळ्यात येतो. मॅकडोनाल्डने मॉस्कोच्या पुश्किन चौकात पहिले दुकान उघडले ते ३१ जानेवारी १९९० रोजी. युक्रेनवरील आक्रमणानंतर, मे २०२२ मध्ये, कंपनीने रशियातला धंदा विकून निघण्याचे जाहीर केले. सोबतच १२० ते १४० कोटी डॉलरचा, रोखीत न जाणारा बोजा हिशेबात घेणार असल्याचेही सांगितले. त्यात तिथली गुंतवणूक पुसून टाकण्याबरोबरच, आजवर भागधारकांच्या निधीत नोंदलेला चलन रूपांतराचा मोठा तोटा नफा-तोट्यात आणण्याचा समावेश होता. रुबल २०१४ साली कोसळला होता. त्याचे ओझे दर वर्षी पुस्तकात होते, फक्त नफ्याच्या ओळीत नव्हते. वॉलमार्टनेही २०१८ मध्ये ब्राझीलमधला ८० टक्के हिस्सा विकताना सुमारे साडेचारशे कोटी डॉलरचा तोटा अपेक्षित असल्याचे सांगितले आणि त्यातला मोठा भाग साचलेल्या चलन फरकाचा असल्याचे स्पष्ट केले.

अशा बातम्या वाचून गुंतवणूकदार दचकतात. पण राखीवमधला फरक नफ्या-तोट्यात आणल्याने कंपनीच्या एकूण निधीत एका पैशाचाही फरक पडत नाही. तो तोटा निधीतून आधीच वजा झालेला असतो, आता तो या खिशातून त्या खिशात जातो.

मग हा उपद्व्याप कशासाठी, याचे उत्तर भोसरीच्या उदाहरणातच आहे. समजा ३१ मार्च २०१७ लाच बर्मिंगहॅमची कंपनी तिच्या पुस्तकी किमतीला, ११ लाख पौंडांना, विकली. हातात ८ कोटी ९१ लाख रुपये आले. निव्वळ संपत्तीची रुपयातली किंमतही तितकीच, म्हणजे विक्रीवर ना नफा ना तोटा. पण राखीवमधले १ कोटी ४६ लाख आता तोटा म्हणून पत्रकात येतात. आधी दाखवलेला नफा ८७ लाख, आता तोटा १ कोटी ४६ लाख, निव्वळ तोटा ५९ लाख. आणि प्रत्यक्षात काय झाले? साडेनऊ कोटी गेले, ८ कोटी ९१ लाख परत आले. कमी आले ते नेमके ५९ लाख. उपकंपनी चालू असेतो जो फरक कागदी म्हणून बाजूला ठेवला होता, तो पैसा खरोखर रुपयात परतला त्या दिवशी खरा ठरला आणि हिशेब रोखीशी येऊन मिळाला. तोवर उपकंपनीने लाभांश पाठवला तरी तेवढ्याने हा साठा उघडत नाही.

भारतीय कंपन्यांच्या बाबतीत एक खाचखळगा ध्यानात ठेवावा लागतो. नव्या मानकांकडे येताना जुना साचलेला फरक शून्य धरून नव्याने सुरुवात करण्याची सवलत कंपन्यांना होती. पहिल्या टप्प्यातल्या कंपन्यांसाठी ती तारीख होती १ एप्रिल २०१५. ज्यांनी ही सवलत घेतली, त्यांच्या राखीवमध्ये त्याआधीचा एकही रुपया दिसत नाही. उद्या त्यांनी जुनी परदेशी उपकंपनी विकली, तरी त्याआधीचा फरक नफ्या-तोट्यात येणार नाही. दोन कंपन्यांच्या या खात्यातल्या बाक्या शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने आधी ही टीप शोधावी.

हे सारे तुमच्या घरी टपालाने किंवा ईमेलने येणाऱ्या वार्षिक अहवालात छापलेले असते. एकत्रित नफा-तोटा पत्रकात निव्वळ नफ्याच्या ओळीवर न थांबता खाली ओसीआयपर्यंत यावे. तिथे दोन गट असतात, आणि परदेशी उपकंपन्यांचा विनिमय फरक ‘पुढे नफा-तोट्यात येऊ शकणाऱ्या’ गटात सापडतो. मग इतर निधीच्या तक्त्यात रूपांतर राखीवची आरंभीची आणि अखेरची बाकी पाहावी. आणि अहवालाच्या मागच्या पानांत एओसी-१ नावाचा नमुना असतो. कंपनी कायद्याच्या कलम १२९ नुसार त्यात प्रत्येक परदेशी उपकंपनीचे चलन आणि वर्षअखेरचा दर लिहावाच लागतो. पौंडासमोर कोणता आकडा आहे, ते तिथे एका नजरेत दिसते.